मुद्रांकाविना करार : कोर्टात न वाचला जाणारा कागद

सप्टेंबर 2015 मध्ये कोळशाच्या कामाची एक वर्क ऑर्डर निघाली. कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचे कोळसा धुण्याचे मोठे काम इंडो युनिक फ्लेम या कंपनीकडे होते. त्यातला वाहतुकीचा, कोळसा हाताळण्याचा आणि रेल्वेच्या वाघिणींमध्ये भरण्याचा भाग तिने एन. एन. ग्लोबल मर्कंटाइल या दुसऱ्या कंपनीला पोटकंत्राटाने दिला. पोटकंत्राटदाराने 3 कोटी 36 लाख रुपयांची बँक हमी दिली. पुढे मुख्य करारातच वाद झाला, वीज महामंडळाने आपल्याकडची हमी वटवली आणि त्यापाठोपाठ इंडो युनिकने पोटकंत्राटदाराची हमी वटवायला घेतली. पोटकंत्राटदार नागपूरच्या वाणिज्यिक न्यायालयात गेला. समोरच्यांनी सांगितले, की वर्क ऑर्डरमध्ये लवादाचे कलम आहे, तेव्हा हे भांडण कोर्टाने न ऐकता लवादाकडे पाठवावे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि तिथे एका साध्या मुद्द्यावर अडले. ती वर्क ऑर्डर मुद्रांकित नव्हती. ज्या कागदावर मुद्रांक शुल्क भरलेले नाही, त्यातले लवादाचे कलम न्यायालय वाचू शकते का? जानेवारी 2021 मध्ये तीन न्यायमूर्तींनी हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. एप्रिल 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ‘नाही’ असे उत्तर दिले. त्याच वर्षी 13 डिसेंबरला, दुसऱ्या एका प्रकरणाच्या निमित्ताने बसलेल्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते उत्तर फिरवले. कोळसा कोणी उचलला, पैसे कोणाचे निघतात, हमी वटवणे योग्य होते का, यातल्या कशाचाही निकाल या वर्षांत लागायचा नव्हता. चर्चा चालली ती मुद्रांकाची.

हे मोठ्या कंपन्यांचे भांडण असले, तरी त्यातला प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही छोट्या उद्योजकाच्या, वाहतूकदाराच्या किंवा वितरकाच्या कपाटात पडून असतो. त्याच्या करारावर स्टॅम्प असतोच. प्रश्न असतो तो किती रुपयांचा, याचा.

शंभराचा कागद आणि अनुसूचीतला दर

आपल्याकडे करार म्हटला की आधी स्टॅम्प व्हेंडरकडे माणूस धावतो आणि शंभराचा कागद आणतो. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्राने हे किमान शुल्क पाचशे केले, तेव्हापासून पाचशेचा आणतो. त्या कागदावर मजकूर छापला, दोघांच्या सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का बसला, की करार पक्का झाला असे सगळे मानून चालतात. पण कायदा कागदाकडे पाहत नाही, मजकुराकडे पाहतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 याच्या पहिल्या अनुसूचीत दस्तांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे शुल्क लिहिलेले आहे. करारातून कोणता हक्क किंवा कोणती जबाबदारी निर्माण होते आणि तिचे पैशातले मोल किती, यावर शुल्क ठरते. शंभर किंवा पाचशे ही रक्कम ज्यांना दुसरा कोणताच अनुच्छेद लागू होत नाही अशा करारांसाठी आहे. व्यापारी करार त्या उरल्यासुरल्या खान्यात क्वचितच बसतो.

व्यापारी करारांना बहुतेकदा गाठतो तो अनुच्छेद 5. त्यात एक तरतूद अशी आहे, की करारातून पैशात मोजता येणारा हक्क वा दायित्व निर्माण होत असेल आणि तो दुसऱ्या कोणत्या अनुच्छेदात बसत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर हजारी एक रुपया आणि रक्कम त्याहून अधिक असेल तर हजारी दोन रुपये शुल्क. मालासकट काम करून देण्याच्या कंत्राटाला वेगळा अनुच्छेद आहे, जागा भाड्याने देण्याला वेगळा, कर्जासाठी तारण ठेवण्याला वेगळा. म्हणून ‘करारनामा’ हे शीर्षक पाहून शुल्क ठरवता येत नाही. आतली कलमे वाचावी लागतात.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा, चाकणचा एक कारखानदार आणि नाशिकचा एक वाहतूकदार यांनी 1 ऑगस्ट 2022 रोजी करार केला. दोन वर्षे वाहतूकदाराने ठरलेल्या गाड्या पुरवायच्या आणि दरमहा दोन लाख रुपये घ्यायचे. बिल थकले तर वर्षाला 18 टक्के व्याज. मुदतीआधी काम थांबवायचे तर तीन महिन्यांची नोटीस द्यायची, नाहीतर तीन महिन्यांची रक्कम म्हणजे सहा लाख रुपये भरायचे. करार शंभराच्या कागदावर झाला. कराराची एकूण रक्कम 48 लाख. हजारी दोन रुपयांनी शुल्क होते 9,600 रुपये. भरले शंभर, म्हणजे 9,500 रुपये कमी पडले. त्या दिवशी हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, कारण काम सुरळीत चालू होते आणि कागद फायलीत होता.

वर्षभराने कारखानदाराने नोटीस न देता गाड्या बंद केल्या. वाहतूकदाराने सहा लाखांचा आणि थकलेल्या बिलांवरच्या व्याजाचा दावा लावला. साक्षीच्या वेळी त्याच्या वकिलाने मूळ करार पुढे केला. समोरचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, दस्तावर पुरेसा मुद्रांक नाही, तो पुराव्यात घेऊ नये.

न्यायालय कागद का नाकारते

ही हरकत अधिनियमाच्या कलम 34 वर उभी असते. पुरेसे मुद्रांक शुल्क न भरलेला दस्त, पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या कोणाहीपुढे, कोणत्याही कारणासाठी ग्राह्य धरता येत नाही, असे ते कलम सांगते. ‘कोणाहीपुढे’ म्हणजे दिवाणी न्यायालयापुढे आणि पक्षकारांनी आपसात नेमलेल्या लवादापुढेही. फौजदारी खटल्यांना यातून सूट आहे. ‘कोणत्याही कारणासाठी’ या शब्दांचा अर्थ नोंदणीच्या नियमाशी ताडून पाहिला तर स्पष्ट होतो. नोंदणी आवश्यक असूनही न केलेला दस्त मुख्य व्यवहार सिद्ध करू शकत नसला, तरी एखाद्या आनुषंगिक गोष्टीसाठी, उदाहरणार्थ ताबा कोणत्या नात्याने होता हे दाखवायला, वाचता येतो. कमी मुद्रांकाच्या दस्ताला ही आडवाटसुद्धा मोकळी नाही. तो पूर्णच बाजूला राहतो.

मग वाहतूकदाराने नुसते तोंडी सांगितले तर? साक्षीदार आणून ‘तीन महिन्यांची नोटीस ठरली होती’ असे वदवले तर? तेही चालत नाही. व्यवहाराच्या अटी एकदा लेखी झाल्या, की त्या सिद्ध करायला तो लेखच पुढे आणावा लागतो, हा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. लेख वाचता येत नाही आणि तोंडी पुरावा चालत नाही, अशा दोन्ही बाजूंनी माणूस अडकतो. गाड्या खरोखर धावल्या होत्या हे तो चलने, बिले आणि बँकेच्या नोंदी दाखवून सिद्ध करू शकेल आणि केलेल्या कामाचा मोबदला मागू शकेल. पण 18 टक्के व्याज आणि सहा लाख ही दोन्ही त्या करारातली लेकरे आहेत. करार वाचला गेला नाही तर ती मागता येत नाहीत. कमी मुद्रांकाचा फटका बसतो तो बहुधा अशाच कलमांना, जी वादाच्या वेळी उपयोगी पडावीत म्हणून मुद्दाम लिहून घेतलेली असतात.

ही कडक भाषा वाचून पुष्कळांचा समज होतो, की कमी मुद्रांकाचा करार रद्दबातल असतो. तसे नाही. सात न्यायमूर्तींच्या पीठाने नेमका हाच भेद स्पष्ट केला आहे. करार वैध आहे की नाही, हा एक प्रश्न. तो पुराव्यात घेता येतो की नाही, हा दुसरा. मुद्रांक नसल्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तूर्त ‘नाही’ असे येते, पहिल्याला धक्का लागत नाही. मुद्रांक कायदा राज्याचा महसूल गोळा करण्यासाठी आहे आणि सरकारची रक्कम मिळाली, की त्याचे काम संपते. प्रतिपक्षाला अडवायचे तांत्रिक हत्यार पक्षकाराच्या हाती द्यावे हा त्याचा हेतू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्येच हिंदुस्तान स्टीलच्या प्रकरणात सांगितले होते. दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. दुरुस्तीची वाट मात्र ठरलेली आहे.

दुरुस्तीची वाट

कमी मुद्रांकाचा दस्त न्यायाधीशांपुढे आला, की तो अडकवून ठेवणे हे कलम 33 नुसार त्यांचे कर्तव्य आहे. समोरच्या पक्षाने हरकत घेतली नाही तरी हे कर्तव्य सुटत नाही. व्यवहारात याला ‘दस्त इम्पाउंड झाला’ असे म्हणतात. त्यानंतर दोन मार्ग असतात. दस्त पुढे करणाऱ्याने तिथेच कमी पडलेले शुल्क आणि दंड भरला, तर न्यायालय तो पुराव्यात घेऊ शकते. नाहीतर मूळ दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ते शुल्क व दंड ठरवतात, रक्कम भरून घेतात आणि दस्तावर तसे प्रमाणित करतात. त्या शेऱ्यानंतर तो कागद पहिल्या दिवसापासून नीट मुद्रांकित असावा तसा वाचता येतो.

महाराष्ट्रात या दंडाचा हिशेब महिन्यावर चालतो. कमी पडलेल्या शुल्कावर, सह्या झाल्याच्या तारखेपासून, दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला दोन टक्के. आपल्या वाहतूकदाराने 20 जानेवारी 2025 रोजी रक्कम भरली असे धरू. 1 ऑगस्ट 2022 पासून 29 महिने पूर्ण झाले आणि तिसावा सुरू आहे. तीस महिन्यांचे साठ टक्के, म्हणजे 9,500 वर 5,700 रुपये दंड. शुल्क आणि दंड मिळून 15,200 रुपये. सहा लाखांच्या मागणीपुढे ही रक्कम छोटी आहे, आणि ती भरून दावा पुढे न्यावा हेच शहाणपणाचे.

खरा खर्च वेळेचा असतो. दस्त अडकला, की त्यावरची साक्ष थांबते. इतर हरकती नोंदवून ठेवून साक्ष पुढे चालवावी आणि त्यांचा निर्णय शेवटी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सुचवले, पण मुद्रांकाची हरकत त्यातून मुद्दाम वगळली. तिचा निर्णय आधी करावाच लागतो. मूळ कागद जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, तिथे कोणता अनुच्छेद लागू होतो यावर म्हणणे मांडावे लागते, मग आदेश, मग भरणा. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला हा उशीर सोयीचा असतो. म्हणूनच हरकत बहुधा त्याच पक्षाकडून येते, ज्याने त्याच कमी मुद्रांकाच्या कागदावर स्वतः सही केलेली असते. नागपूरच्या प्रकरणातही वर्क ऑर्डर मुद्रांकित नाही हा मुद्दा तिच्यातल्याच एका पक्षाने मांडला होता.

हरकत घेण्यालाही वेळेचे बंधन आहे. दस्ताला निशाणी क्रमांक पडून तो पुराव्यात दाखल झाला, की त्याच दाव्यात पुढे कुठल्याही टप्प्यावर मुद्रांकाच्या कारणावरून तो काढून टाका असे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये हे स्पष्ट केले आणि महाराष्ट्राच्या अधिनियमातले कलम 35 तेच सांगते. सरकारला आपले शुल्क वसूल करण्याचा अधिकार तरीही उरतो. पक्षकाराचे हत्यार मात्र तिथे बोथट होते.

जिथे पैसे भरूनही उपयोग होत नाही

शुल्क आणि दंड भरून दस्त सुधारतो, पण त्यासाठी मूळ दस्त हातात असावा लागतो. मूळ कागद हरवला किंवा समोरच्याकडेच राहिला आणि आपल्याजवळ फक्त झेरॉक्स असेल, तर गोष्ट अवघड होते. कमी मुद्रांकाच्या दस्ताची छायाप्रत अडकवता येत नाही आणि तिच्यावर शुल्क भरून ती ग्राह्यही करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निर्णय आहे. एकच मूळ प्रत करून ती मोठ्या कंपनीने ठेवायची आणि लहान पुरवठादाराला स्कॅन पाठवायचे, ही सर्रास चालणारी पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. ज्याच्याकडे मूळ प्रत नाही, त्याच्याकडे दोष सुधारण्याची गुरुकिल्लीही नाही.

ईमेलवर आलेल्या पीडीएफवर डिजिटल सही केली म्हणजे मुद्रांक लागत नाही, असे काही उद्योजक मानतात. महाराष्ट्राच्या अधिनियमात दस्ताच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक अभिलेखही येतो. पडद्यावर झालेल्या कराराला कागदावरच्या कराराइतकेच शुल्क आहे.

मागाहून स्टॅम्प आणून जुनी तारीख टाकण्याचा उपाय तर नव्या संकटाला आमंत्रण देतो. राज्यात सही होणाऱ्या दस्ताचे शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेले असावे लागते. स्टॅम्पच्या मागे विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव असते, विक्रेत्याच्या नोंदवहीतही ते असते. ती तारीख कराराच्या तारखेनंतरची निघाली, की मुद्रांकाचा प्रश्न मागे पडतो आणि कागद खरा की बनावट असा प्रश्न पुढे येतो. कागद करारातल्याच एका पक्षाच्या नावाने घेतलेला असावा लागतो. वकिलाच्या कारकुनाच्या किंवा हिशेबनिसाच्या नावाने घेतलेल्या स्टॅम्पवर इथेच बोट ठेवले जाते. खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला स्टॅम्पही बाद होतो.

लवादाच्या कलमाचे काय झाले

लवादाच्या बाबतीत 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरवारे वॉल रोप्सच्या प्रकरणात महाराष्ट्राच्याच अधिनियमाचा आधार घेतला होता. ओडिशातल्या पेंथा गावाजवळ समुद्राची धूप रोखणाऱ्या बांधाच्या पोटकंत्राटाचा तो वाद होता. पोटकंत्राट मुद्रांकित नव्हते. लवाद नेमण्याआधी दस्त अडकवून शुल्क वसूल केलेच पाहिजे, असे तेव्हा ठरले. परिणामी भांडण लवादासमोर जाण्याआधीच मुद्रांकाच्या खिंडीत अडू लागले. लवाद नेमायचा तो वेळ वाचवण्यासाठी, आणि तो नेमण्यातच महिनोन्‌महिने जायचे.

डिसेंबर 2023 च्या निकालाने ही खिंड मोकळी केली. आता लवाद नेमणारे किंवा वाद लवादाकडे पाठवणारे न्यायालय फक्त लवादाचा करार वरवर पाहता अस्तित्वात आहे का, एवढे पाहते. मुद्रांकाची हरकत लवादापुढे मांडायची आणि तिचा निर्णय लवादाने करायचा. इथे एक गैरसमज होण्याची शक्यता आहे. शुल्क माफ झालेले नाही. पुरावा घेण्याचा अधिकार लवादालाही असल्याने दस्त अडकवण्याचे कर्तव्य त्याच्यावरही आहे आणि शुल्क व दंड भरल्याशिवाय तो कराराच्या अटी वाचू शकत नाही. हरकतीची जागा बदलली, हरकत गेलेली नाही.

सहीच्या आधी

यातून निघणारी कृती छोटी आहे. कराराचा मसुदा तयार झाला, की त्यातून कोणाला काय मिळते आणि एकूण रक्कम किती होते हे एका ओळीत लिहून काढावे आणि वकिलाला अनुच्छेद कोणता लागतो हे विचारावे. ‘स्टॅम्प कितीचा लावू?’ या प्रश्नापेक्षा ‘हा कोणत्या अनुच्छेदात बसतो?’ हा प्रश्न उपयोगी, कारण त्याचे उत्तर तपासून पाहता येते. शंका असेल तर कलम 31 खाली मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवून ठरलेली फी भरून शुल्क ठरवून घेता येते. सहीआधीचा मसुदा नेला तर तो अजून दस्त झालेला नसतो, म्हणून दंडाचा प्रश्नच येत नाही. शुल्क कोण भरणार हे करारातच लिहावे आणि दोन्ही बाजूंनी मूळ प्रत आपल्याजवळ राहील अशी तजवीज करावी.

ज्यांचे जुने करार कमी मुद्रांकावर झाले आहेत, त्यांना वाद उद्भवेपर्यंत थांबायचे कारण नाही. मूळ दस्त हाताशी असताना तो स्वतः मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊन उरलेले शुल्क आणि तोवरचा दंड भरता येतो. दंड दर महिन्याला वाढतो, म्हणून आज भरलेली रक्कम वर्षाने भरायच्या रकमेपेक्षा कमीच असते. वाहतूकदाराने पहिल्याच वर्षाअखेर हे केले असते, तर बारा महिन्यांचा दंड 2,280 रुपये झाला असता आणि दाव्यात त्याचा करार पहिल्याच तारखेला वाचला गेला असता. पैसे थकले असताना, गाड्यांचे हप्ते चालू असताना आणि समोरच्याला फक्त वेळ हवा असताना, तो वेळ त्याच्या हाती द्यायचा की नाही हे सहीच्या दिवशीच ठरलेले असते.